नडगीवर लाल दुखऱ्या गाठी आल्यात? इरिथेमा नोडोसमचं कारण कसं शोधतात, पायरीपायरीने

बऱ्याच जणांना हे कळतं ते पाय कुठेतरी आपटल्यावर. पलंगाची कड नडगीला नुसती लागते आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात, मग खाली बघितलं तर लाल फुगवटा, हात लावला तर गरम, दाबलं तर नको होतं. वाटतं की काहीतरी चावलं असेल किंवा कुठे लागलं असेल. दोन दिवसांनी दुसऱ्या पायावर पण तसंच दिसतं आणि तेव्हा माणूस घाबरतो, कारण दोन्ही पायांना एकाच जागी कोण चावणार?

मी त्वचारोगाच्या ओपीडीत बसते. अशा गाठी घेऊन येणाऱ्यांचं वाक्य ठरलेलं असतं, "डॉक्टर, या गाठी घालवा." गाठी जातातच, खरं तर बहुतेक वेळा आम्ही फार काही न करता पण जातात. आमचं डोकं चालू असतं ते वेगळ्याच गोष्टीवर, की या आल्या कशामुळे. इरिथेमा नोडोसम ही शरीराने दिलेली प्रतिक्रिया आहे, आणि तिच्यामागे कधी घशाचं साधं इन्फेक्शन असतं, कधी टीबी, कधी सारकॉइडोसिस म्हणजे फुफ्फुसात आणि लिम्फच्या गाठींत सूज आणणारा आजार, कधी आतड्याचा आजार, आणि जवळपास निम्म्या लोकांत सगळं शोधूनही काहीच सापडत नाही. हा शोध कसा घेतात तेच इथे सांगते, म्हणजे तुम्हाला कुठली टेस्ट का सांगितली ते कळेल.

आधी हे नक्की काय आहे ते समजून घ्या

कातडीच्या खाली चरबीचा थर असतो आणि तो संत्र्यासारखा असतो, म्हणजे चरबीच्या फोडी आणि मधे पातळ पडदे. या आजारात सूज येते ती मुख्यतः त्या पडद्यांना. म्हणून गाठ खोल लागते, तिची कड बोटाला नीट सापडत नाही, आणि वरची कातडी लाल असली तरी फुटत नाही. गाठींचा आकार साधारण १ ते ५ सेंटिमीटर, दोन्ही नडग्यांवर, कधी गुडघ्यावर किंवा घोट्याजवळ, क्वचित मांडीवर आणि हातांवर. बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो, आणि बहुतेक करून विशी ते चाळिशीत.

यातली सगळ्यात ओळखीची खूण म्हणजे रंग. पहिले काही दिवस लालभडक, मग जांभळट, मग मुका मार लागल्यावर पडतो तसा हिरवट पिवळा डाग, आणि मग साफ. खड्डा नाही, व्रण नाही. एक गाठ साधारण दोन आठवडे टिकते पण मधे नवीन येत राहतात, म्हणून सगळं मिळून ३ ते ६ आठवडे धरून चाला. गाठी यायच्या आधी किंवा सोबत कणकण, थकवा आणि घोटे गुडघे दुखणं हे पण होतं, आणि सांधेदुखी गाठी गेल्यावरही काही महिने रेंगाळू शकते.

पायरी १: फोटो काढा आणि पेनने रिंगण करा

हे काम पहिल्याच दिवशी करा. दिवसाच्या उजेडात दोन्ही पायांचे फोटो, आणि एकदोन गाठींभोवती बॉलपेनने रिंगण, शेजारी तारीख. तुम्ही डॉक्टरांकडे पोचेपर्यंत अर्ध्या गाठी पिवळ्या झालेल्या असतात आणि मग "आधी लाल होतं हो" हे नुसतं सांगावं लागतं. रंग बदलत गेलेला फोटोत दिसला की आमचं निम्मं काम होतं. रिंगणाचा उपयोग वेगळा, लाली रिंगणाबाहेर भराभर पसरत चालली असेल तर हा आजार नसून कातडीखालचं इन्फेक्शन असू शकतं.

गाठ दाबून बघू नका, पू निघेल म्हणून सुई तर अजिबात टोचू नका. आत पू नसतोच. चोळून मालिश पण नको, त्याने फक्त ठणका वाढतो.

पायरी २: ही तीच गाठ आहे का, ते तपासा

सगळ्यात जास्त गफलत होते ती सेल्युलायटिसशी, म्हणजे कातडीखालच्या इन्फेक्शनशी. लाल, गरम, दुखरं, ताप, म्हणजे इन्फेक्शन, द्या अँटिबायोटिक. पण सेल्युलायटिस जवळपास नेहमी एकाच पायाला होतो आणि पत्र्यासारखा सलग पसरतो. दोन्ही नडग्यांवर सुट्या सुट्या गाठी असतील तर डॉक्टरांना सरळ विचारा, हे इरिथेमा नोडोसम असू शकेल का.

गाठी नडगीऐवजी मागे पिंढरीत असतील आणि फुटून जखम होत असेल तर तो वेगळा आजार असू शकतो, त्याला इरिथेमा इंड्युरेटम म्हणतात आणि त्याचा टीबीशी संबंध निघतो. एकाच पायाची पिंढरी सुजून दुखत असेल तर शिरेत रक्ताची गाठ झालीय का हे त्याच दिवशी बघावं लागतं, आणि सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट इमर्जन्सी.

अजून एक, नावामुळे होणारा गोंधळ. इंटरनेटवर शोधलं की इरिथेमा नोडोसम लेप्रोसम असं पण दिसतं आणि लोक हादरून येतात. तो कुष्ठरोगाच्या पेशंटमध्ये येणारा रिअ‍ॅक्शनचा प्रकार आहे, त्यात गाठी चेहऱ्यावर, दंडावर, कुठेही येतात, फुटू शकतात, आणि नसा दुखतात, हातापायाला बधिरपणा असतो. नाव सारखं, आजार वेगळा. पण तुमच्या अंगावर बधिर चट्टा असेल तर ते मात्र नक्की सांगा.

पायरी ३: मागच्या दोन महिन्यांची डायरी लिहा

कारण शोधायचं सगळ्यात भारी हत्यार म्हणजे तुमची आठवण, रक्ताच्या टेस्टचा नंबर त्याच्यानंतर लागतो. कागद घ्या आणि मागचे आठ आठवडे आठवा.

घसा कधी दुखला होता का? स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने घसा धरला तर गाठी नंतर, साधारण २ ते ३ आठवड्यांनी येतात, तोवर घसा बरा झालेला असतो आणि माणूस विसरलेला असतो. मुलांमध्ये तर हे कारण पहिल्यांदा बघायचं. खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, घरात किंवा ऑफिसात कोणाला टीबी? जुलाब, पोटात कळ, शौचातून रक्त? क्रोन आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस यांच्यात गाठी पुष्कळदा आतड्याचा आजार उसळला की येतात, कधी पोटाची तक्रार सुरू व्हायच्या आधीच. तोंडात वारंवार फोड येतात का, डोळे लाल होऊन दुखतात का, उजेड सहन होत नाही का? पाळी चुकलीय का? प्रेग्नन्सीत पण या गाठी येतात.

आणि औषधं. गर्भनिरोधक गोळ्या, सल्फा गटातली औषधं, पेनिसिलिन ही नेहमीची नावं. इथे एक गंमत आहे, घसा दुखला म्हणून अँटिबायोटिक घेतलं आणि मग गाठी आल्या तर गुन्हेगार कोण, घसा की गोळी? खूपदा ठरवता येत नाही. म्हणून गोळीचं नाव आणि सुरू केल्याची तारीख लिहून ठेवा, "ती गुलाबी गोळी" एवढ्यावर काही होत नाही. कुठलीही चालू गोळी मनानेच बंद करू नका, विचारून करा.

पायरी ४: टेस्ट, आणि त्या कशा वाचायच्या

इथे एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. बाई ३४ वर्षांची, दोन्ही नडग्यांवर मिळून सात गाठी, घोटे इतके सुजलेले की चप्पल घालता येईना, ताप १०१ च्या आसपास. आधी एका ठिकाणी इन्फेक्शन म्हणून पाच दिवस अँटिबायोटिक झालेलं, फरक शून्य. घसा दुखल्याचं आठवत नव्हतं, खोकला नाही, पोट ठीक, नवीन औषध कुठलंच नाही.

सुरुवातीला आम्ही मोजक्याच गोष्टी सांगतो: सीबीसी, शरीरातली सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी, स्ट्रेप्टोकोकसविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं मोजणारा एएसओ टायटर, छातीचा एक्स-रे, टीबीसाठी मांटू किंवा इग्रा नावाची रक्ताची टेस्ट. गरज वाटली तर घशाचा स्वॉब, प्रेग्नन्सी टेस्ट, जुलाब असतील तर शौचाची तपासणी. पन्नास टेस्टचं पॅकेज करायची गरज नाही, उगाच काहीतरी थोडंसं वरखाली निघतं आणि सगळे त्याच्याच मागे धावतात.

हिचा ईएसआर ७० आला. यात घाबरण्यासारखं नाही, या आजारात तो वाढतोच, आणि तो फक्त एवढंच सांगतो की शरीरात कुठेतरी सूज आहे. कुठे आणि का, ते नाही सांगत.

एएसओ आला ४००. मोठ्या माणसांत साधारण २०० पर्यंत नॉर्मल धरतात, म्हणजे हा दुप्पट. रिपोर्टवर ठळक अक्षरात छापलेलं असतं ना, तिच्या घरच्यांनी तिथेच निकाल लावला की घशाचंच आहे, सापडलं कारण. पण एएसओ एकदा वाढला की कित्येक महिने वर राहू शकतो, म्हणजे हा आकडा जुन्या कुठल्यातरी घशाचा पण असू शकतो. म्हणून ही टेस्ट दोनदा करायची, २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने, आणि बघायचं ते आकडा हलतोय का. ताजं इन्फेक्शन असेल तर तो ठळकपणे चढतो किंवा उतरतो. हिचा तीन आठवड्यांनी परत ४०० च आला. म्हणजे जुना, आणि या गाठींचा त्याच्याशी बहुधा संबंध नाही.

तोवर थांबायची गरज पडली नाही म्हणा, कारण एक्स-रे दुसऱ्याच दिवशी आला होता. फुफ्फुसांच्या मधे, जिथून श्वासनलिका आत शिरतात, तिथल्या लिम्फच्या गाठी दोन्ही बाजूंनी सारख्या फुगलेल्या दिसत होत्या, बटाट्यासारख्या गोल. फुफ्फुस बाकी स्वच्छ. खोकला नसताना छातीचा एक्स-रे कशाला असं पेशंट हमखास विचारतात, तर याच्यासाठी. पायावरच्या गाठींचं उत्तर छातीत असू शकतं आणि छातीला त्याची तक्रारच नसते.

आता दोन शक्यता. दोन्ही बाजूंच्या सारख्या गाठी, सोबत नडगीवर इरिथेमा नोडोसम, सुजलेले घोटे आणि ताप, हे चित्र सारकॉइडोसिसचं, त्याला लॉफग्रेन सिंड्रोम म्हणतात, स्वीडनच्या स्वेन लॉफग्रेन या डॉक्टरांच्या नावावरून. टीबीमध्ये छातीतली गाठ बहुतेक वेळा एकाच बाजूला जास्त असते. पण "बहुतेक वेळा" वर विसंबून चालत नाही, जिथे टीबी भरपूर आहे तिथे तर नाहीच, म्हणून मांटू महत्त्वाची.

मांटूत हातावर कातडीत छोटं इंजेक्शन देतात आणि ४८ ते ७२ तासांनी वाचतात. वाचायची म्हणजे लाली मोजायची नाही, बोटाला लागणारा कडक फुगवटा मोजायचा, मिलिमीटरमध्ये. कितीतरी जण लाल वर्तुळाचा फोटो पाठवून "पॉझिटिव्ह आली का" विचारतात, फोटोत कडकपणा दिसत नाही. टीबीमुळे इरिथेमा नोडोसम आला असेल तर ही टेस्ट सहसा जोरदार येते, मोठा फुगवटा, कधी वर फोड. बीसीजी घेतलेल्यांत ती थोडी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून काही वेळा इग्रा जास्त उपयोगी पडते. पण मांटू काय किंवा इग्रा काय, जंतू कधीतरी शरीरात आला होता एवढंच सांगतात, आज आजार चालू आहे का ते नाही. हिची मांटू शून्य, अजिबात फुगवटा नाही. सारकॉइडोसिसमध्ये असं होतं, कातडी त्या इंजेक्शनला प्रतिसादच देत नाही. छातीच्या डॉक्टरांनी पण बघितलं, सिटी स्कॅन झाला, टीबीची काही खूण नव्हती. डोळे पण तपासून घेतले, कारण सारकॉइडोसिस डोळ्याच्या आत सूज आणतो आणि सुरुवातीला पेशंटला कळत नाही.

मग बायोप्सी का नाही केली? हा प्रश्न रास्त आहे. नडगीवरची गाठ कापून तपासली तर ती इरिथेमा नोडोसम आहे एवढंच कळतं, तो कशामुळे झाला हे कळत नाही, सारकॉइडोसिस असला तरी या गाठीत त्याची खूण सापडत नाही. म्हणून चित्र स्पष्ट असेल तेव्हा नडगीला उगाच टाका घालत नाही, तिथली जखम भरायला पण वेळ लावते. बायोप्सी लागते ती गाठी विचित्र वागत असतील तेव्हा: फुटल्या, पिंढरीत आल्या, ८ आठवडे होऊन गेले तरी हटेनात. आणि करायची तर खोल, चरबीपर्यंत. वरवरचा बारीक तुकडा घेतला तर रिपोर्ट "नक्की सांगता येत नाही" असा येतो आणि परत करावी लागते.

पायरी ५: दुखणं कमी करा

आराम हा इथे खरंच औषधाइतका आहे. दिवसातून काही वेळा आडवं होऊन पायाखाली दोन उशा, म्हणजे पाय छातीपेक्षा वर. तासन् तास उभं राहिलं की संध्याकाळी नवीन गाठी दिसतात, हे पेशंट स्वतःच सांगतात. क्रेप बँडेज किंवा दाबाचे मोजे बरे वाटतात, फक्त पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, म्हणजे थोडं चाललं की पिंढरी भरून येत असेल, तर आधी विचारा. थंड ओला कपडा ठेवला तरी चालतो.

गोळ्यांमध्ये नॅप्रोक्सेन किंवा आयबुप्रोफेन. त्या ३४ वर्षांच्या बाईला नॅप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा जेवणानंतर दिलं होतं, दहा दिवस. पण हे सगळ्यांना चालत नाही: किडनीचा त्रास, अल्सर, काही दमेकरी, प्रेग्नन्सी, आणि आतड्याचा आजार असण्याची शंका असेल तर या गोळ्या तो भडकवू शकतात. तेव्हा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या, माझं वाचून नको.

पायरी ६: स्टेरॉइडची घाई नको

हे जरा जोरात सांगते. स्टेरॉइड घेतलं की गाठी दोनतीन दिवसांत बसतात, ताप उतरतो, माणूस नाचायला लागतो. आणि मागे टीबी असेल तर तो आत मोकळा सुटतो, कारण त्याला रोखून धरणारी प्रतिकारशक्तीच आपण झोपवलेली असते. वर गाठी गायब, मांटू पण दबलेली, म्हणजे शोधायचा रस्ता पण बुजला. म्हणून एक्स-रे आणि टीबीची टेस्ट झाल्याशिवाय स्टेरॉइड नाही, आणि बहुतेकांना त्यानंतरही लागत नाही. कोणी पहिल्याच भेटीत प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड लिहिलं तर "छातीचा एक्स-रे आधी काढू का?" एवढं विचारा. आधीच सुरू असेल तर मात्र एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून ठरवा.

कारण सापडलं तर उपचार त्या कारणाचा. स्ट्रेप अजून घशात असेल तर अँटिबायोटिक, टीबी असेल तर त्याचा पूर्ण कोर्स, आतड्याचा आजार आटोक्यात आला की गाठी पण मागे हटतात, औषधामुळे असेल तर ते औषध बदलायचं.

पायरी ७: सहा आठवड्यांनी परत जा

गाठी गेल्या की लोक फिरकत नाहीत, पण अर्धवट राहिलेल्या गोष्टी याच भेटीत पुऱ्या होतात: दुसऱ्या एएसओचा रिपोर्ट, सांधे कसे आहेत, वजन, आणि पहिल्या वेळी नसलेली एखादी नवीन तक्रार, विशेषतः पोटाची. काहीच सापडलं नाही आणि गाठी पण गेल्या तर शोध तिथे थांबवतात, ते बरोबरच आहे. परत परत यायला लागल्या तर मात्र पुन्हा पहिल्यापासून डायरी काढायची. मधल्या काळात डोळा लाल होऊन दुखला, दम लागायला लागला, शौचातून रक्त गेलं किंवा गाठ फुटली तर सहा आठवडे थांबू नका.

त्या बाईच्या गाठी पाचव्या आठवड्यात पिवळ्या पडून गेल्या. घोटे मात्र तीन महिने सकाळी आखडायचे, जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. सारकॉइडोसिसचा हा प्रकार बहुतेकांत दोन वर्षांच्या आत आपणहून शांत होतो, म्हणून तिला स्टेरॉइड दिलंच नाही, फक्त एक्स-रेवर नजर ठेवली. तिसऱ्या महिन्यातल्या एक्स-रेत छातीतल्या गाठी निम्म्यावर आल्या होत्या आणि वर्षाच्या शेवटी काढलेल्या फिल्ममध्ये त्या शोधूनही दिसल्या नाहीत.